शॉक बसल्यावर वायरमनला फोन करताना या चुका टाळा: ‘स्विच बंद होता’ एवढ्याने भागत नाही

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या सातपूरमधल्या एका छोट्या वर्कशॉपमधून फोन आला. “दादा, वॉशिंग पंपाला करंट येतोय. पोराला जोरात बसला. स्विच बंद होता, हॅण्डग्लोव्हज होते, बूटपण होते. लवकर या.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरीही याच तीन गोष्टींमुळे मी दोन तास भलत्याच ठिकाणी फॉल्ट शोधत राहिलो. तोवर तो पंप शेडच्या कोपऱ्यात तसाच पडून होता, टॉप सॉकेटमध्ये लावलेला आणि बॉडीला २३० व्होल्ट. एकदा तर वाटेत येतो म्हणून मीच तो पायाने बाजूला सरकवला.

शॉकची माहिती वायरमनला अर्धवट गेली तर काय होतं, हे या एका केसमधून नीट कळतं, म्हणून ती सविस्तर सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट. माणूस अजून चिकटलेला असेल, तर फोन मला नाही, कुणालाच नाही. आधी मेन पाडा किंवा टॉप ओढा. माणसाला उघड्या हाताने धरू नका. तो बेशुद्ध असेल, छातीत धडधडत असेल, भाजलं असेल, किंवा करंट एका हातातून दुसऱ्या हातात अथवा हातातून पायात गेला असेल, तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. “आता बरं वाटतंय” म्हणून घरी पाठवू नका. वायरमनचा नंबर त्यानंतर.

नेमकं काय घडलं होतं

पंप सिंगल फेजचा, रबरी चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. त्याने मशीनवर बनवलेले जॉब धुवायचे. पोराने काम झाल्यावर पंपावरचाच स्विच बंद केला, खाली बसला आणि होज सोडवायला बॉडीला हात घातला. हात आखडला, सुटेना. दुसऱ्या पोराने धावत जाऊन टॉप ओढला तेव्हा सुटला. पुढे मी पोहोचेपर्यंत कुणीतरी तो टॉप परत लावून ठेवला होता, “स्विच तर बंदच आहे” या हिशोबाने.

फोनवरचं ऐकून मी असा विचार केला: स्विच बंद, म्हणजे पंपात सप्लाय नाही. हातात ग्लोव्हज, पायात बूट, आणि तरी हात चिकटतो, म्हणजे बॉडीवर बाहेरून कुठून तरी करंट येतोय. दुसऱ्या एखाद्या मशीनचा फॉल्ट अर्थिंगच्या पट्टीवर आला असेल, किंवा सर्व्हिसचा न्यूट्रल सुटला असेल. म्हणून मी आधी मेन बोर्ड उघडला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज बघितलं, दीड-दोन व्होल्ट, ठीक. मग कॉम्प्रेसर, लेथ, ग्राइंडर, एकेक करून सगळं तपासलं. सगळं चांगलं.

ज्याला शॉक बसला तो पोरगा बाकावर चहाचा कप हातात धरून बसला होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. शेवटी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो हळूच म्हणाला, “दादा, चालू असताना नाही लागत. बंद केला की लागतो.” ही गोष्ट त्याने शेठलाही सांगितली होती. शेठला ती वेड्यासारखी वाटली, म्हणून फोनवर गाळली.

सगळं कोडं त्याच वाक्यात होतं. त्याच्या जीन्सचा उजवा गुडघा अजून ओला होता, तेही तेव्हाच दिसलं. पंपाला हात लावताना तो गुडघा टेकून ओल्या फरशीवर बसला होता. बूट पायात होते खरे, पण करंट बुटातून गेलाच नव्हता. हातातून शिरला आणि गुडघ्यातून जमिनीत उतरला. ग्लोव्हज मागितले तर समोर आले ते सुती विणलेले, टिपक्यांचे, पाण्याने निथळणारे. असे ग्लोव्हज पत्र्याने हात कापू नये म्हणून असतात. ओले झाल्यावर करंटसाठी ते असून नसल्यासारखे.

स्विच बंद केल्यावरच शॉक का?

एक्स्टेंशन बोर्डचा थ्री पिन टॉप उघडला. कधीतरी तो जळला असणार आणि कुणीतरी नवा बसवला असणार. फेजच्या जागी न्यूट्रल, न्यूट्रलच्या जागी फेज, आणि हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली. म्हणजे अर्थिंग नाहीच.

पंपावरचा स्विच एकाच वायरला तोडणारा, सिंगल पोल. तो फेज तोडायला बसवलेला, पण टॉप उलटा असल्यामुळे तोडत होता न्यूट्रल. स्विच बंद केला की पंप थांबायचा, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं सप्लाय गेला. प्रत्यक्षात फेज मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीच्या, म्हणजे वाइंडिंगच्या, एका टोकातून आत येऊन दुसऱ्या टोकापर्यंत तसाच उभा.

आता वाइंडिंग. पाणी जाऊन त्याचं इन्सुलेशन खराब झालेलं, आणि खराब झालेली जागा स्विचकडच्या टोकाजवळ. पंप चालू असताना ते टोक न्यूट्रलला जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे व्होल्टेज कमी. मी मोजलं तेव्हा बॉडी आणि अर्थच्या पट्टीमध्ये तीसेक व्होल्ट निघाले. स्विच बंद केला की न्यूट्रल तुटतो, अख्खं वाइंडिंग फेजवर जातं आणि बॉडीवर सव्वादोनशेच्या वर. पोराचं म्हणणं मीटरवर जसंच्या तसं उतरलं.

मग टॉप काढून पंप इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरला लावला. वाइंडिंग ते बॉडी ०.०२ मेगाओहम, म्हणजे २० हजार ओहम. निदान १ मेगाओहम तरी यायला हवा. २० हजार ओहम आणि वर ओल्या माणसाचे हजार-दीड हजार ओहम धरून २३० व्होल्टला साधारण १०–११ मिलिअँपिअर करंट निघतो. हाताचे स्नायू आखडून मूठ सुटेनाशी व्हायला लागते ती याच आसपास.

करंट जमिनीत गळायला लागला की सप्लाय तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात होता, आणि तो पडला नव्हता. “आरसीसीबी पडला नाही, म्हणजे फार काही नसेल,” असं शेठ म्हणाले. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो. ११ मिलिअँपिअरला तो गप्प राहणार आणि तेवढ्यात माणूस चिकटून बसणार. म्हणून आरसीसीबी पडला की नाही हे जरूर सांगा, पण त्यावरून शॉक छोटा की मोठा ते ठरवू नका.

चूक: ‘बंद होतं’ म्हणणं, काय बंद होतं ते न सांगणं

नाशिकमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकावं, ‘लाइट बंद होती’. त्याचे निदान पाच अर्थ मला भेटलेत. मशीनचं स्टॉप बटण दाबलं होतं. भिंतीवरचा स्विच बंद होता. एमसीबी पाडला होता. टॉप काढला होता. किंवा महावितरणची लाइटच गेलेली होती. पाचही ठिकाणी माणूस खरं बोलतोय, पण माझ्यासाठी पाचांचे अर्थ वेगवेगळे.

स्टॉप बटण म्हणजे सप्लाय तोडणं नव्हे. पॅनलमध्ये मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज उभेच असतात. भिंतीवरचा स्विच एकच वायर तोडतो, आणि ती फेजची आहे की नाही ते वायरिंग करणाऱ्यावर. सिंगल पोल एमसीबीचंही तेच. टॉप पूर्ण बाहेर काढला असेल, तर मशीनमध्ये बाहेरचा सप्लाय नाही हे नक्की. त्यानंतरही शॉक बसला तर मी कपॅसिटरकडे वळतो, कारण सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलंच असतं.

घरांमध्ये सगळ्यात जास्त फसवतो तो इन्व्हर्टर. सिडको, इंदिरानगर, पंचवटी, कुठेही जा, घरात इन्व्हर्टर आहे. मीटरजवळचा मेन पाडला की लोक समजतात घर बंद झालं. पण इन्व्हर्टरवर टाकलेल्या पॉइंटना बॅटरीवरून सप्लाय लगेच सुरू होतो. एका घरी आजोबा मेन पाडून ट्यूबचा चोक बदलायला स्टुलावर चढले आणि झटका बसून खाली आले. फोनवर मुलगा म्हणाला, “मेन बंद होता, मी स्वतः पाडला.” मी विचारलं, “तेव्हा पंखा चालू होता का?” क्षणभर थांबून तो म्हणाला, “हो, हॉलचा चालू होता.” फॉल्ट फोनवरच सापडला. म्हणून इन्व्हर्टर आहे की नाही आणि तो बंद केला होता का, हे विचारायची वाट न बघता सांगा.

तिसरी गोष्ट लोक सांगतच नाहीत: बंद केल्यावर तपासलं होतं का, आणि कशाने. ‘टेस्टर लावला, पेटला नाही’ एवढ्याने मला खात्री होत नाही. टेस्टरचा दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. जाड रबरी सोलचे बूट घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, तर जिवंत फेजवरही तो मंद दिसतो, आणि दुपारच्या उन्हात तर दिसतही नाही. रीत अशी आहे की आधी चालू असल्याचं नक्की माहीत असलेल्या पॉइंटवर टेस्टर किंवा मीटर लावून बघायचा, मग बंद केलेल्या जागी, आणि मग पुन्हा त्या चालू पॉइंटवर. तिन्ही वेळा बघितलं असेल तर तसं सांगा. नसेल बघितलं तर “तपासलं नाही” म्हणा. त्या उत्तराचा मला उपयोग आहे. अंदाजाने दिलेल्या ‘हो’चा नाही.

आणि बंद केल्यावर कुलूप किंवा निदान पाटी लावली होती का? वर्कशॉपमध्ये एकाने पाडलेला एमसीबी दुसरा सहज उचलतो, कारण त्याचं मशीन बंद पडलेलं असतं. काम करणारा तेव्हा आत हात घालून बसलेला असतो. ‘एमसीबी पाडला होता तरी शॉक बसला’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, त्या वेळी बोर्डाजवळ कोण होतं.

चूक: ‘ग्लोव्हज-बूट होते’ यावर थांबणं

हातात काय होतं, पायात काय होतं, हे मी माणसाची चूक काढायला विचारत नाही. शॉक किती जोराचा लागला याचा अर्थ त्याशिवाय लावता येत नाही.

सिडकोतल्या एका ताईंचं वॉशिंग मशीन बारीक झिणझिण्या द्यायचं. महिनाभर तसंच चाललं, कारण “फार नाही हो, थोडंसंच.” त्या कायम कोरड्या रबरी चपला घालून मशीनजवळ उभ्या राहायच्या. बॉडीवर किती होतं? जवळजवळ पूर्ण फेज. चपलांमुळे करंट अडत होता, फॉल्ट छोटा नव्हता. त्याच बाथरूममध्ये त्यांची मुलगी अनवाणी, ओल्या पायांनी गेली असती तर गोष्ट झिणझिण्यांवर राहिली नसती. ‘थोडंसंच लागतं’ हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, पायात काय होतं.

उलटही होतं. सातपूरच्या पोराकडे सगळं ‘घातलेलं’ होतं, आणि तरी हात चिकटला, म्हणून मी मोठा बाहेरचा फॉल्ट शोधत बसलो. ग्लोव्हज सुती आणि ओले, गुडघा टेकलेला, एवढं फोनवर कळलं असतं तर आधी पंपच उघडला असता.

तेव्हा सांगताना वस्तूचं नाव नका सांगू, ती कशाची आणि कशी होती ते सांगा. ग्लोव्हज सुती, चामड्याचे, भांडी घासायचे पातळ रबरी, की इलेक्ट्रिकल कामाचे? इलेक्ट्रिकलच्या ग्लोव्हजवर क्लास आणि व्होल्टेज छापलेलं असतं. क्लास ० असेल तर तो १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी. पण छापलेलं असूनही बोटाजवळ टाचणीएवढं भोक असेल तर तो निकामी. मनगटाकडून गुंडाळत हवा आत कोंडायची आणि गालाजवळ धरायचं, भोक असेल तर वारा लागतो. अशी तपासणी त्या दिवशी केली होती का, तेही सांगा.

बुटांचंही तसंच. पुढे लोखंडी टोपी असलेला सेफ्टी शू पायावर जड वस्तू पडू नये म्हणून असतो. प्रत्येक सेफ्टी शू करंट अडवतोच असं नाही, आणि सोलमध्ये मेटलचा टोकदार कण घुसला असेल किंवा आत पाणी गेलं असेल, तर अजिबात नाही. पॅनलसमोर रबर मॅट होती का, ती कोरडी होती का, आणि माणूस खरंच तिच्यावर उभा होता का, हेही कळू द्या. मॅट असते भिंतीला टेकवून ठेवलेली, असं फार ठिकाणी बघितलंय.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र ही: शरीराचा कोणता भाग कशाला लागला होता. एक हात बॉडीवर, दुसरा नळावर? कोपर पत्र्याच्या रॅकला? गुडघा, मांडी, पाठ कुठे टेकली होती? करंट कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला हे कळलं की फॉल्टच्या जागेचा निम्मा अंदाज येतो. आणि दोन हातांमध्ये शॉक बसला असेल तर तो छातीतून गेलाय, हे डॉक्टरलाही सांगायचं असतं.

चूक: चूक झाकायला माहिती गाळणं

हे मला सगळ्यात जास्त टोचतं. पोरगा चालू पॅनलमध्ये हात घालत होता, म्हणून शेठ सांगतो “बंद करूनच काम चाललं होतं.” पोराला वाटतं नोकरी जाईल, म्हणून तोही मान हलवतो. मग मी बंद मशीनमध्ये करंट कसा आला ते शोधत बसतो, जे मुळात घडलेलंच नसतं. कधीकधी याहून वाईट होतं: ‘बंद केलेलं मशीन’ समजून मी स्वतः आत हात घालतो. मी आधी तपासतोच, पण प्रत्येक वायरमन तपासेल याची खात्री कुणी द्यावी? तुमच्या खोट्या ‘हो’वर त्याचा जीव टांगलेला असतो.

म्हणून शेठ, मुकादम, घरमालक कुणीही फोन करो, पुढे फोन ज्याला शॉक बसला त्याच्याकडे द्या. तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर जो शेजारी होता त्याच्याकडे. त्याला वेडगळ वाटणारी गोष्टही बोलू द्या. ‘बंद केला की लागतो’, ‘पाऊस पडला की लागतो’, ‘गीझर चालू केला की नळाला लागतो’, अशीच वाक्यं मला फॉल्टपाशी घेऊन जातात.

फोनवर किंवा मेसेजमध्ये काय यायला हवं होतं

त्या दिवशी मला असा मेसेज आला असता तर दहा मिनिटांचं काम होतं:

“दुपारी साडेतीनला वॉशिंग पंपाच्या बॉडीला उजवा हात लागून शॉक. हात चिकटला, टॉप ओढल्यावर सुटला. पंपावरचा स्विच बंद केलेला, टॉप लावलेला, एमसीबी चालू. टेस्टरने तपासलं नव्हतं. सुती ग्लोव्हज ओले, सेफ्टी शू होते पण उजवा गुडघा ओल्या फरशीवर. आरसीसीबी पडला नाही. चालू असताना लागत नाही, बंद केल्यावर लागतो. आता टॉप काढून ठेवलाय, कुणी हात लावत नाही. पोराला ईसीजीला नेलंय.”

यात एकही तांत्रिक शब्द असा नाही जो शेठला माहीत नव्हता.

येईपर्यंत काय करू नये

परत हात लावून ‘अजून येतोय का’ बघू नका. असं करणारे फार आहेत, आणि दुसऱ्या वेळी पाय ओले असतात. टॉप काढा, एमसीबी पाडा, त्यावर चिकटपट्टी लावून कागदावर ‘चालू करू नये’ लिहा, आणि इन्व्हर्टरची लाइन असेल तर तोही बंद करा. पण मशीन धुवू-पुसू नका, टॉप बदलू नका, वायर कापून फेकू नका. सातपूरला तो उलटा टॉप जागेवर होता म्हणून कारण सापडलं. तो कुणी गुपचूप नवा लावला असता तर पंपाचं वाइंडिंग तसंच राहिलं असतं आणि पुढच्या टॉपवर तेच घडलं असतं.

शॉक एकाच उपकरणाला नसून नळ, लोखंडी गेट, शेजाऱ्याच्या घरातही लागत असेल, तर तो फक्त तुमच्या घरातला फॉल्ट नसण्याची शक्यता जास्त. मग वायरमनच्या आधी महावितरणला १९१२ वर कळवा आणि तिथेही हेच सांगा: कुठे, कधी, काय बंद होतं, पायात काय होतं. आणि कुणाला इजा झाली असेल किंवा जीव गेला असेल, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं: जीव गेला असेल तर माहिती झाल्यापासून २४ तासांत, आणि दोन्ही बाबतीत लेखी अहवाल ४८ तासांत. तिथे विचारतात तेही हेच असतं, सप्लाय कसा तोडला होता आणि अंगावर कोणती साधनं होती. त्यामुळे पहिल्याच तासाला, ज्याला शॉक बसला त्याच्या तोंडून ऐकून, कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सगळं ‘बंद होतं’ असं आठवायला लागतं.